चुकलेल्या बिटाचा क्रमांक

अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये १९४७च्या सुमारास रिचर्ड हॅमिंग हे तरुण गणितज्ञ शनिवार-रविवारी एका गणकयंत्रावर आपली आकडेमोड लावून ठेवत. यंत्राचं नाव मॉडेल फाइव्ह. त्यात ९,०००हून अधिक रिले होते, आणि आत कुठे एखाद्या रिलेने दगा दिला तर ते यंत्राला स्वतःलाच कळावं अशी सोय केलेली होती. एरवी चूक सापडली की यंत्र थांबे आणि ऑपरेटर येऊन ते मार्गी लावी. सुटीच्या दिवशी तिथे कुणी नसायचं. मग यंत्र ते काम अर्धवट टाकून रांगेतलं पुढचं काम हाती घेई. लागोपाठ दोन आठवडे हॅमिंग यांच्या हाती काहीच लागलं नाही, आणि ते चांगलेच वैतागले. चूक झाली एवढं यंत्राला कळतं, तर ती नेमकी कुठे झाली हे शोधून दुरुस्त करणं त्याला का जमू नये, असा प्रश्न त्यांना पडला.

उत्तर त्यांना लवकरच सापडलं, पण पेटंटच्या सोपस्कारांमुळे त्यांचा लेख छापून यायला १९५०चा एप्रिल उजाडला. त्याआधी १९४८मध्ये क्लॉड शॅनन यांच्या गाजलेल्या लेखात हॅमिंग यांच्या पद्धतीचं एक छोटं उदाहरण येऊन गेलं होतं. माहितीचे चार बिट सात बिटांत गुंफायचे आणि सातांपैकी कुठलाही एक बिघडला तरी मूळ चार जसेच्या तसे परत मिळवायचे. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुलं आजही हेच उदाहरण ब्रेडबोर्डवर उभं करतात. सात साध्या आयसी, मूठभर वायरी आणि पाच व्होल्टचा सप्लाय एवढ्यावर ते चालतं. मला हे सर्किट मनापासून आवडतं, कारण त्यात शोधाशोध अशी नाहीच. बिघडलेल्या बिटाचा क्रमांक थेट बाहेर पडतो.

सुरुवात पॅरिटीपासून करू. चार बिटांत १ किती आहेत ते मोजायचं, आणि ती संख्या विषम असेल तर सोबतीला आणखी एक १ जोडायचा, सम असेल तर ० जोडायचा. आता एकूण १ नेहमी सम असतात. वाटेत एखादा बिट उलटला तर संख्या विषम होते आणि घोटाळा उघड होतो. पण पाचांपैकी कोण उलटलं, हे काही त्यातून कळत नाही. अशी एक तपासणी फक्त ‘ठीक’ किंवा ‘चूक’ एवढंच सांगू शकते. तीन तपासण्या असतील तर तीन उत्तरं मिळतात आणि त्यांच्या आठ वेगवेगळ्या जोडण्या होतात. आठ ही संख्या इथे अगदी नेमकी बसते. सात बिटांपैकी कुठला तरी एक बिघडला या सात शक्यता, आणि काहीच बिघडलं नाही ही आठवी. चार माहितीचे आणि तीन तपासणीचे मिळून सात बिट होतात, आणि आठातली एकही जोडणी वाया जात नाही.

आता कुठल्या तपासणीत कुठले बिट घ्यायचे हा खरा प्रश्न. जत्रेत मनातला आकडा ओळखायचे पत्ते मिळायचे, ते आठवा. प्रत्येक पत्त्यावर बरेच आकडे छापलेले असत. तुमचा आकडा या पत्त्यावर आहे का, त्या पत्त्यावर आहे का, एवढंच विचारायचं, आणि ज्या पत्त्यांना ‘हो’ आलं त्यांचे पहिले आकडे मनात मिळवून उत्तर सांगायचं. हॅमिंग यांची मांडणी हुबेहूब तीच आहे. सात जागांना एक ते सात क्रमांक द्यायचे. पहिल्या पत्त्यावर १, ३, ५, ७. दुसऱ्यावर २, ३, ६, ७. तिसऱ्यावर ४, ५, ६, ७. पाच हा आकडा पहिल्या आणि तिसऱ्या पत्त्यावर सापडतो, कारण पाच म्हणजे एक अधिक चार. सहा हा दुसऱ्या आणि तिसऱ्यावर आहे, कारण सहा म्हणजे दोन अधिक चार. प्रत्येक पत्ता म्हणजे एक पॅरिटी तपासणी. ज्या तपासण्या ‘चूक’ म्हणतात त्यांच्या पहिल्या आकड्यांची बेरीज हाच बिघडलेल्या जागेचा क्रमांक.

यातून एक गोष्ट आपोआप ठरते. १, २ आणि ४ हे आकडे प्रत्येकी एकाच पत्त्यावर आहेत, म्हणून तपासणीचे बिट याच जागांवर ठेवायचे. तसं केलं की प्रत्येक तपासणीत एकच पॅरिटी बिट येतो आणि तो इतरांची वाट न पाहता काढता येतो. माहितीचे चार बिट उरलेल्या ३, ५, ६ आणि ७ या जागांवर बसतात. पाठवणाऱ्याच्या बाजूला एवढंच गणित करायचं असतं:

```
P1 = D3 ⊕ D5 ⊕ D7
P2 = D3 ⊕ D6 ⊕ D7
P4 = D5 ⊕ D6 ⊕ D7
```

वर्तुळातली ही बेरीज म्हणजे एक्सॉर गेट. त्याचे दोन इनपुट एकमेकांपेक्षा वेगळे असले की ते १ देतं, सारखे असले की ०. अशी गेटं एकापुढे एक जोडली की शेवटचं उत्तर ‘आत आलेले १ विषम आहेत का’ याचं असतं. मोजणी नको, हातचा नको. सम-विषम ठरवण्यासाठी याहून सोपं साधन नाही.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. माहिती आहे १०११. म्हणजे तिसऱ्या जागी १, पाचव्या जागी ०, सहाव्या आणि सातव्या जागी १. पहिल्या पॅरिटीसाठी १, ०, १ घ्यायचे. त्यात दोन १ आहेत, म्हणून उत्तर ०. दुसरीसाठी १, १, १. तीन १, म्हणून उत्तर १. चौथ्या जागेच्या पॅरिटीसाठी ०, १, १, म्हणून ०. सगळं जागेवर ठेवलं की पहिल्या जागेपासून सातव्यापर्यंत वाचताना ० १ १ ० ० १ १ असा शब्द तयार होतो.

हा शब्द वायरीवरून जाताना सहावा बिट उलटला असं धरू. पलीकडे ० १ १ ० ० ० १ पोचलं. पलीकडच्या सर्किटला मूळ शब्द माहीत नाही. ते तिन्ही गट पुन्हा तपासतं, फक्त आता आलेला पॅरिटी बिटही त्या त्या गटात मोजतं:

```
C1 = P1 ⊕ D3 ⊕ D5 ⊕ D7
C2 = P2 ⊕ D3 ⊕ D6 ⊕ D7
C4 = P4 ⊕ D5 ⊕ D6 ⊕ D7
```

पहिल्या गटात ०, १, ०, १ आहेत. दोन १, सगळं ठीक, म्हणून ०. दुसऱ्या गटात १, १, ०, १. तीन १, म्हणजे चूक, म्हणून १. तिसऱ्या गटात ०, ०, ०, १. एकच १, पुन्हा चूक, म्हणून १. चारच्या तपासणीपासून सुरुवात करून हे तीन बिट वाचले की ११० मिळतं. बायनरीत ११० म्हणजे सहा. या तीन बिटांनाच सिंड्रोम म्हणतात.

इथे थोडं थांबून आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. माहिती १०११ऐवजी ०००० असती किंवा ११११ असती, तरी सहावा बिट उलटल्यावर सिंड्रोम सहाच आला असता. मूळ शब्दातला प्रत्येक गट सम असतो, म्हणून एक्सॉरच्या साखळीत माहिती स्वतःला रद्द करून टाकते आणि मागे उरतं ते फक्त बिघाडाचं योगदान. सिंड्रोमला माहितीशी काही देणंघेणं नसतं. त्यामुळेच सोळा शब्दांचा तक्ता कुठे साठवून ठेवावा लागत नाही आणि आलेला शब्द कशाशी ताडूनही पाहावा लागत नाही. तपासणीचाच एखादा बिट बिघडला तरी हेच सूत्र लागू पडतं. मूळ शब्दातला दुसरा बिट उलटला तर फक्त दुसरी तपासणी ‘चूक’ म्हणेल, सिंड्रोम ०१० येईल, आणि माहितीला हात लावायची गरजच पडणार नाही.

आता ब्रेडबोर्डकडे वळू. एक्सॉरसाठी ७४८६ ही आयसी घ्यायची. तिच्या चौदा पिनांमध्ये दोन इनपुटची चार गेटं असतात. पॅरिटी तयार करायला प्रत्येकी दोन म्हणजे सहा गेटं लागतात, तपासणीला प्रत्येकी तीन म्हणजे नऊ, आणि दुरुस्तीला चार. एकूण एकोणीस. पाच आयसींमध्ये वीस गेटं असतात, म्हणजे एक शिल्लक राहतं. त्याचे इनपुट ग्राउंडला जोडून टाकायचे. कागदावर पाहिलं तर तिसऱ्या आणि सातव्या बिटाचं एक्सॉर दोन गटांत दोनदा येतं. ते एकदाच काढून दोन्हीकडे वापरलं तर एकोणिसाची सतरा गेटं होतात. हुशार विद्यार्थी हे लगेच हेरतात. माझं मत मात्र असं की पहिल्यांदा जोडताना हा मोह टाळावा. सतरा गेटांनाही आयसी पाचच लागतात, आणि सामायिक गेट बिघडलं तर दोन तपासण्या एकदम खोटं बोलू लागतात. मग दोष कुठे आहे ते शोधता शोधता दुपार निघून जाते.

सिंड्रोमच्या तीन वायरींवरून सातांपैकी एक ओळ निवडायचं काम ७४१३८ हा डिकोडर करतो. त्याला तीन इनपुट आणि आठ आउटपुट असतात, आणि इनपुटवर जो आकडा असेल त्या क्रमांकाचं आउटपुट जागं होतं. सिंड्रोम सहा असेल तर सहावं. दुरुस्तीसाठी पुन्हा एक्सॉरच उपयोगी पडतं, या वेळी वेगळ्या भूमिकेत. त्याच्या एका इनपुटला ० दिलं की दुसऱ्या इनपुटवरचा बिट तसाच पलीकडे जातो, १ दिलं की उलटून जातो. म्हणून माहितीच्या प्रत्येक बिटापुढे एक एक्सॉर ठेवायचं आणि त्याचा दुसरा इनपुट डिकोडरच्या त्याच क्रमांकाच्या ओळीकडे न्यायचा. सहावी ओळ जागी झाली की सहावा बिट उलटतो, म्हणजेच पुन्हा बरोबर होतो. ३, ५, ६ आणि ७ एवढ्याच ओळी वापरायच्या. पॅरिटीचे बिट इथवर आले की त्यांचं काम संपलेलं असतं.

हे जोडून सप्लाय दिल्यावर बहुतेकांना पहिल्यांदा विचित्र दृश्य दिसतं. बिघाड काहीच नाही आणि चारही बिट उलटे! एखादा बिट मुद्दाम बिघडवला तर तो आहे तसाच चुकीचा बाहेर येतो आणि बाकीचे तिघे उलटून येतात. कारण साधं आहे. ७४१३८ची निवडलेली ओळ वर जात नाही, खाली येते. निवडलेलं आउटपुट ० आणि बाकी सगळी १, अशी तिची रीत. म्हणून डिकोडर आणि एक्सॉर यांच्यामध्ये ७४०४मधले चार इन्व्हर्टर घालावे लागतात. तीच रीत एलईडी लावायला मात्र सोयीची पडते. पाच व्होल्टपासून ४७० ओहमच्या रेझिस्टरमधून एलईडी घेऊन डिकोडरच्या प्रत्येक ओळीला जोडला की बिघडलेल्या जागेचा एलईडी पेटतो आणि क्रमांक डोळ्यांनी वाचता येतो.

दुसरा फसवा दोष जास्त बेमालूम असतो. डिकोडरच्या १ नंबरच्या पिनेला सर्वांत लहान वजनाचा बिट, म्हणजे पहिल्या तपासणीचं उत्तर जायला हवं, आणि ३ नंबरच्या पिनेला चारच्या तपासणीचं. या दोन वायरींची अदलाबदल झाली तर सिंड्रोम उलट्या दिशेने वाचला जातो. एकाच्या जागी चार दिसतो, तीनच्या जागी सहा. पण दोन, पाच आणि सात हे आकडे बायनरीत उलटे वाचले तरी तेच राहतात. म्हणून कुणी फक्त पाचवा आणि सातवा बिट बिघडवून पाहिला तर सर्किट अगदी बिनचूक चालतंय असं वाटतं. सातही जागा एकेक करून बिघडवून पाहिल्याशिवाय सर्किट पास झालं असं म्हणू नये. आणि सगळे सोळा शब्द, प्रत्येकासोबत एक बिनबिघाडाची आणि सात बिघाडांची अवस्था, असा पूर्ण तपास करायचा तर एकूण १२८ प्रसंग होतात. ते हातानेही करता येतात.

बिघाड घडवायचा कसा, यातही एक खोच आहे. अनेकजण पाठवणाऱ्याकडून आलेली वायर नुसती उपटतात. या जुन्या टीटीएल घराण्यातल्या आयसींचा मोकळा इनपुट साधारणपणे १ वाचला जातो. त्या जागी मुळात १ असेल तर काही बिघडलंच नाही असं सर्किटला दिसतं, आणि बिघडवूनही एलईडी का पेटत नाही म्हणून आपण गोंधळतो. वायर काढल्यावर ती जागा खात्रीने ग्राउंडला किंवा पाच व्होल्टला जोडावी, आणि ते करण्याआधी आधीची वायर पूर्ण सुटली आहे ना हे पाहावं, नाहीतर गेटचं आउटपुट सप्लायशी भिडतं. याहून चांगला उपाय म्हणजे सातही वायरींत एकेक एक्सॉर घालून त्याच्या दुसऱ्या इनपुटला स्विच लावायचा. स्विच दाबला की तो बिट हमखास उलटतो, आधी तिथे काहीही असो.

आतापर्यंत सगळं एका गृहीतावर उभं आहे. बिघाड फार तर एकच. दोन बिट उलटले तर काय होतं ते आपल्याच शब्दावर पाहू. तिसरा आणि सहावा दोन्ही उलटले, तर पलीकडे ० १ ० ० ० ० १ येतं. पहिली तपासणी १, दुसरी ०, चारची १. सिंड्रोम १०१, म्हणजे पाच. पाचवा बिट तर बरोबर होता! सर्किट इमानेइतबारे तोही उलटवतं आणि १०११च्या जागी ०१०१ बाहेर पडतं. चारांतले तीन बिट चुकलेले, आणि कुठेही शंकेची खूण नाही. आठही सिंड्रोम एकाच बिघाडाच्या शक्यतांना वाटून संपलेले असल्यामुळे दोन बिघाडांसाठी वेगळं उत्तर उरलेलंच नसतं. जी काटकसर सुरुवातीला इतकी छान वाटली होती तिची ही किंमत आहे.

यावरचा उपाय म्हणजे आठवा बिट. सातही बिटांची मिळून एक पॅरिटी काढायची आणि सोबत पाठवायची. आपल्या शब्दात चार १ आहेत, म्हणून आठवा बिट ०. पलीकडे आठांची मिळून पॅरिटी तपासायची. एक बिट उलटला तर एकूण संख्या विषम होते. दोन उलटले तर ती पुन्हा सम होते, पण सिंड्रोम शून्य नसतो. वरच्या उदाहरणात सिंड्रोम पाच आहे आणि एकूण १ दोनच आहेत, म्हणजे सम. हे दोन्ही एकत्र दिसलं की समजावं, बिघाड दोन आहेत आणि इथे दुरुस्ती करायला जाऊ नये.

ब्रेडबोर्डवर याची जोडणी फार सुबक होते. ७४२८० ही आयसी एकदम नऊ इनपुटांची पॅरिटी काढते. एक पाठवणाऱ्याकडे आठवा बिट तयार करायला आणि एक पलीकडे आठांची तपासणी करायला ठेवायची, आणि रिकामे इनपुट ग्राउंडला जोडायचे. पलीकडच्या आयसीचं ‘विषम’ दाखवणारं आउटपुट ७४१३८च्या ६ नंबरच्या पिनेला द्यायचं. ती पिन वर असेल तरच डिकोडर काम करतो. एकूण विषम असेल तर डिकोडर जागा होतो आणि एका बिघाडाची दुरुस्ती होते. एकूण सम असेल तर तो गप्प बसतो, आणि दोन बिघाडांच्या शब्दात तिसरी चूक भरण्याचं पाप त्याच्या हातून घडत नाही. फक्त आठवा बिट बिघडला असेल तर डिकोडर जागा होतो खरा, पण सिंड्रोम शून्य असल्यामुळे शून्याची ओळ निवडली जाते, आणि ती कशालाच जोडलेली नसते.

एकूण सम आणि सिंड्रोम शून्य नाही, या अवस्थेसाठी वेगळा लाल एलईडी लावायचा. तो पेटला की तो शब्द वापरायचा नाही, पलीकडून पुन्हा मागवायचा. सर्व्हरच्या मेमरीत वापरली जाणारी रचना याच घराण्यातली आहे. तिथे ६४ बिट माहितीला ८ बिट तपासणीचे जोडून ७२ बिटांचा शब्द साठवतात. एक बिट बिघडला तर वाचता वाचता दुरुस्त होतो, दोन बिघडले तर मशीन चूक जाहीर करतं. तीन बिघडले तर मात्र एकूण संख्या पुन्हा विषम होते, सर्किटला तो एकच बिघाड वाटू शकतो, आणि ते चुकीची दुरुस्ती करून मोकळं होतं.